गिरणीतला रेडिओ

गावातल्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात पांढरी चादर बांधून आम्ही माहितीपट दाखवला, तेव्हा सगळ्यांत पुढे पिठाच्या गिरणीचे मालक नाना बसले होते, कारण चोवीस मिनिटांपैकी निम्मी मिनिटे त्यांचीच आणि त्यांच्या गिरणीची होती. खेळ संपला, मुलांनी दिवे लावले, कुणी चहा आणला. नाना मात्र चादरीकडेच पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून, तक्रारीचा कोणताही सूर न लावता ते म्हणाले, “ताई, गिरणी आमचीच आहे, पण गाणं आमचं न्हाई. आमच्या रेडिओवर हे लागत नव्हतं.” मी त्यांना सांगितले की त्या गाण्याची परवानगी मिळवणे आम्हाला झेपले नाही. ते काही वेळ गप्प राहिले आणि त्यांनी विचारले, “तुकोबाच्या अभंगाला कुणाची परवानगी लागती?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते मी वर्षभर कागदोपत्री गिरवले होते. तरीही त्या मंडपात, समोर विठोबा उभा असताना, ते मला नीट सांगता आले नाही.

पहाटे साडेसहाला नाना गिरणीचे शटर वर करतात, पट्ट्यावरचे पीठ झटकतात, देवाला उदबत्ती लावतात आणि फळीवरचा जुना रेडिओ सुरू करतात. आकाशवाणीवर त्या वेळी भक्तिसंगीत असते. आमच्या चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी त्यात तुकोबांचा एक अभंग लागला, घराघरांत पोहोचलेल्या चालीतला, एका थोर आवाजातला. बारीक पिठाचा थर उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता, नाना जात्याच्या पाळीवर हात ठेवून थांबले होते आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणत होते. कॅमेऱ्यामागे उभी असताना माझ्या अंगावर काटा आला होता. संकलनाच्या टेबलावर तो प्रसंग एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला आणि त्याच्याभोवतीच सगळा माहितीपट उभा राहिला.

मग एका परदेशी माहितीपट महोत्सवाचा अर्ज भरायला बसले. त्यात शेवटी एक चौकट होती आणि तिच्यापुढे एकच वाक्य होते: चित्रपटातल्या संगीतासह सर्व साहित्याचे हक्क आपल्याकडे आहेत, आणि त्यावरून वाद उद्भवला तर जबाबदारी आपली राहील, याची खात्री अर्जदार देत आहे. त्याआधीच्या दोन लघुपटांच्या वेळी अशा चौकटीत मी न वाचता खूण केली होती. या वेळी बोट थांबले. गाणे तर रेडिओवर लागले होते, मी ते लावले नव्हते, असे मी स्वतःला समजावले. आकाशवाणी त्याचे पैसे भरतेच, असेही मनात आले. एका वकील मैत्रिणीला फोन केला, तेव्हा तिने दोन्ही समजुती शांतपणे बाजूला ठेवल्या. आकाशवाणीचा परवाना प्रसारणापुरता असतो. ते प्रसारण मी माझ्या दृश्याला जोडले की ती नवी कृती होते आणि तिला वेगळी परवानगी लागते. महोत्सवाच्या सभागृहाकडे संगीत वाजवण्याचा परवाना असला, तरी तोही माझ्या उपयोगाचा नसतो, कारण चित्राला गाणे जोडण्याचा हक्क त्यात येत नाही. धंद्यात याला ‘सिंक’चा हक्क म्हणतात.

माझा खरा आधार होता तो ‘पार्श्वभूमीला आपोआप आले’ हा. मला वाटत होते की दृश्यात अनाहूतपणे आलेल्या गोष्टीला कायदा सूट देतो. सूट आहे, पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये ती कलाकृतींना दिलेली आहे. भिंतीवरचे कॅलेंडर, चौकातला पुतळा, दुकानावर रंगवलेली पाटी, ही चित्रपटात सहज आली तर चालतात. संगीताचा त्या ओळीत उल्लेख नाही. इंग्लंडच्या कायद्यात अनाहूत संगीतालाही काही जागा आहे, मात्र ते मुद्दाम घेतलेले नसावे लागते. आपल्याकडे एखाद्या ओळीइतका अगदी क्षुल्लक वापर न्यायालयाने दुर्लक्षणीय मानल्याचे उदाहरण आहे, पण एक मिनिट चाळीस सेकंद क्षुल्लक म्हणता येत नाहीत. ‘सात सेकंदांपर्यंत चालते’, ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ असे आमच्या वर्तुळात छातीठोकपणे सांगितले जाते. कायद्यात असा सेकंदांचा कोणताही आकडा नाही.

आणि एक गोष्ट मैत्रिणीला मी सांगितली नव्हती. गिरणीत टिपलेल्या रेडिओच्या आवाजात खरखर होती, म्हणून संकलनात आम्ही त्याच गाण्याची स्वच्छ प्रत आंतरजालावरून उतरवून वर चढवली होती, दृश्य बदलत असताना सूर तुटू नये म्हणून. तेव्हा त्या एक मिनिट चाळीस सेकंदांपैकी रेडिओवरून खरोखर आलेले जेमतेम वीस सेकंद होते. बाकीचे गाणे मी लावले होते.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर इथून सुरू होते. एका गाण्यात कायद्याला तीन वेगवेगळ्या वस्तू दिसतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा आणि चालीचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे ते प्रकाशित झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून सुरू होतात. हे तीन घड्याळांसारखे आहे आणि तिन्ही घड्याळे एकाच वेळी थांबत नाहीत. गदिमा १९७७ साली गेले आणि सुधीर फडके २००२ साली. या दोघांचे एखादे गाणे १९६० साली तबकडीवर आले असेल, तर त्या तबकडीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला, शब्दांचा २०३७ च्या अखेरीस संपेल आणि चालीचा २०६२ च्या अखेरीस. जुने गाणे आहे म्हणून ते मोकळे आहे असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यांत आधी थांबलेल्या घड्याळाकडेच पाहत असतो. आमच्या अभंगात शब्द तुकोबांचे होते आणि त्यांना खरोखरच कुणाची परवानगी लागत नव्हती. नाना तिथपर्यंत बरोबर होते. पण चाल बांधणाऱ्या संगीतकारांना जाऊन वीस वर्षेही झालेली नव्हती, आणि ध्वनिमुद्रण सत्तरच्या दशकातले होते. म्हणजे तीनांतली दोन कुलुपे बंद होती आणि दोन्ही किल्ल्या एकाच संगीत कंपनीकडे होत्या.

मी कंपनीला पत्र लिहिले. अशा पत्रात काय असावे हे मला तीन वेळा लिहून मग समजले. माहितीपटाचे नाव, लांबी, विषय, गाणे कुठे येते, किती सेकंद, चित्रात ऐकू येते की पार्श्वभूमीला, कोणकोणत्या माध्यमांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, किती काळ, आणि एकूण खर्च किती, हे सगळे पहिल्याच पत्रात असले तरच ते पुढच्या टेबलावर जाते. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आले. ध्वनिमुद्रणाचे पंचेचाळीस हजार, चालीचे पंचेचाळीस हजार, वर कर. परवाना फक्त महोत्सवांसाठी, जगभर, एक वर्ष. पुढे ओटीटीवर किंवा दूरचित्रवाणीवर गेला तर पुन्हा बोलायचे. दोन्ही रकमा सारख्या असणे हा योगायोग नव्हता. चालीच्या हक्काला जे मिळेल त्यापेक्षा कमी ध्वनिमुद्रणाला नको आणि ध्वनिमुद्रणापेक्षा कमी चालीला नको, अशी अटच या व्यवहारात रूढ आहे, त्यामुळे एका बाजूला घासाघीस करून फारसे काही मिळत नाही. आमचा संपूर्ण माहितीपट तीन लाख चाळीस हजारांत झाला होता.

पैशांपेक्षा त्या ‘पुन्हा बोलायचे’ने मला अधिक अस्वस्थ केले. महोत्सवांपुरता स्वस्त परवाना घेताना पुढच्या टप्प्यांची रक्कम त्याच पत्रात ठरवून घ्यावी लागते. म्हणजे ओटीटी झाले तर इतके, चित्रपटगृह झाले तर इतके, आणि तो टप्पा आला तरच पैसे द्यायचे. तसे लिहून मिळाले नाही, तर माहितीपटाला बरे दिवस येतील त्याच दिवशी समोरचा माणूस हवी ती रक्कम मागू शकतो, कारण तोपर्यंत गाणे चित्रात इतके मुरलेले असते की ते काढता येत नाही. मी तशी विनंती केली. एवढ्या लहान कामासाठी आम्ही तसे करार करत नाही, असे उत्तर आले. त्यात कुणाची लबाडी होती असे मला वाटत नाही. आमचे काम त्यांच्या मापाचे नव्हते, इतकेच.

मग संकलक मित्राने सुचवल्यावरून आम्ही रॉयल्टी-फ्री संगीताकडे वळलो. या शब्दाने बरेच गैरसमज केले आहेत. त्याचा अर्थ फुकट असा नाही आणि हक्कमुक्त असाही नाही. एकदा शुल्क भरले की दर वापरामागे वेगळे मानधन द्यावे लागत नाही, एवढेच त्यात आहे. हक्क रचनाकाराचा किंवा संग्रहाचा राहतो आणि आपल्याला अटींसकट वापर मिळतो. त्या अटी मी एका रविवारी ओळीने वाचल्या. सगळ्यांत स्वस्त वर्गणीत फक्त समाजमाध्यमांवरचा वापर होता. महोत्सव आणि चित्रपटगृह वरच्या वर्गणीत होते. परवाना खाते उघडणाऱ्याच्या नावाने निघतो आणि खाते संकलकाच्या नावाने होते, म्हणजे निर्माती म्हणून माझ्या हातात काहीच आले नसते. वर्गणी चालू असताना पूर्ण करून प्रसिद्ध केलेले काम पुढेही वैध राहते, पण वर्गणी संपल्यावर त्याच तुकड्याने नवी आवृत्ती कापली तर ती त्यात बसत नाही. संकलकाने आणखी एक सुंदर तुकडा शोधला होता, क्रिएटिव्ह कॉमन्सचा, नाव दिले की वापरता येईल असा. त्याच्या परवान्यात ‘फेरबदल नको’ अशी अट होती. आम्ही तो कापणार नव्हतो, जसाच्या तसा लावणार होतो, त्यामुळे मला ती अट अडचणीची वाटली नाही. परवान्याचा पूर्ण मजकूर वाचल्यावर कळले की संगीत चलच्चित्राला वेळेनुसार जोडणे हाच त्यात फेरबदल मानलेला आहे. ती एक ओळ वाचली नसती तर तो तुकडा आमच्या चित्रात राहिला असता.

अटी सगळ्या पाळता आल्या असत्या. वरची वर्गणी घेऊन, खाते माझ्या नावाने करून, माहितीपटाच्या नावाचे प्रमाणपत्र उतरवून ठेवता आले असते. पण मी ते तुकडे गिरणीच्या दृश्यावर लावून पाहिले आणि गिरणी माझ्या हातून निसटली. शोधाच्या चौकटीत ‘भारतीय’ असे लिहिले की बासरी, सतार आणि तानपुरा येतो, आणि त्याखाली नानांचा पिठाने पांढरा झालेला सदरा एखाद्या आरोग्यधामाच्या जाहिरातीतला वाटू लागतो. ‘ग्रामीण’ लिहिले की ढोलकी येते. हे संगीत वाईट नसते, वाजवणारे चांगले असतात. पण ते कोणत्याही दृश्याला बसावे म्हणून रचलेले असते. दर आठ मात्रांनी एक वाद्य वाढते, एका मिनिटाच्या आसपास ते उंचीवर जाते, आणि आपल्या दृश्यातला माणूस नेमका त्याच वेळी गप्प बसलेला असला तरी ते थांबत नाही. ते नानांच्या शांततेला भावना पुरवू लागले. पुढे एके दिवशी एका गुंतवणूक योजनेच्या जाहिरातीत तीच बासरी ऐकली. परवाना अनन्य नसतो, हे मी आठवड्यापूर्वीच वाचले होते. पण वाचणे आणि ऐकणे यांत मोठे अंतर असते.

तरीही त्या संग्रहातला एक तुकडा आमच्या माहितीपटात आहे. तालुक्याचा नकाशा दिसतो तिथे बावीस सेकंद एक मंद सूर आहे, फक्त सलग आधार देणारा. तिथे कुणाचा चेहरा नाही, कुणाची गोष्ट नाही, आणि त्यासाठी माणूस बोलावून रचना करून घेणे हा उगाच खर्च झाला असता. माझे मत असे बनले आहे की जिथे प्रेक्षकाने संगीत ऐकू नये असे आपल्याला वाटते, तिथे तयार संगीत पुरते.

गिरणीसाठी मी एका संगीतकार मित्राला गाठले. त्याने माझे संकलन पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “तुला नवीन संगीत हवं आहे, की तेच गाणं दुसऱ्याच्या नावावर हवं आहे?” मी दुखावले गेले, पण प्रश्न खरा होता. सहा महिने ते गाणे लावून पाहिल्यामुळे माझ्या डोळ्यांना तो प्रसंग दुसऱ्या कोणत्याही लयीत दिसेनासा झाला होता. तात्पुरते म्हणून लावलेल्या संगीताची अशी सवय लागते आणि मग आपण रचनाकाराला नकळत सांगतो की याच्यासारखे कर, फक्त हे नको. त्यातून जे येते ते मूळ गाण्याची सावली असते आणि सावली जास्त जवळची निघाली तर चालीच्या हक्काचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याने अट घातली की तो गाणे काढलेलेच संकलन पाहील आणि त्याआधी गिरणीत एक सकाळ बसेल.

त्या सकाळची आठवण माझ्यापाशी कायम राहील. त्याने रेडिओ बंद करायला सांगितला आणि नानांना मोटर चालू करायला. चक्की सुरू झाली, पट्टा फडफडू लागला, पत्रा थरथरू लागला, आणि तो मोटरपाशी कान नेऊन उभा राहिला. मग खिशातली सूरपट्टी काढून त्याने एक स्वर फुंकला. आपल्या विजेची वारंवारता पन्नास हर्ट्‌झ असल्याने मोटरचा घुमारा त्याच्या दुपटीला, शंभर हर्ट्‌झला येतो, असे त्याने मला नंतर समजावले. पेटीवरच्या मंद्र सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर तो पडतो. “पांढरी एकच्या षड्‌जाला ही गिरणी पंचम देते आहे,” तो म्हणाला, “फक्त थोडी चढी.” मी तीन आठवडे त्या गिरणीत चित्रण केले होते. मला तिचा कर्कश आवाज तेवढा ऐकू आला होता.

तिथून सगळे ठरत गेले. अभंग तोच ठेवायचा, कारण शब्द मोकळे आहेत. गावातल्याच भजनी मंडळाकडून परंपरागत चालीत गाऊन घ्यायचा. पेटी घ्यायची नाही, कारण तिचे सूर हलवता येत नाहीत. वीणा गिरणीच्या पंचमाला लावून घ्यायची आणि गायकांनी तिच्यावर उभे राहायचे. विठ्ठलमंदिरातच रात्री साडेनऊला आम्ही ध्वनिमुद्रण ठेवले. चौदा जण आले, पखवाजाला कणीक लागली, टाळ जुळले, बुवांनी डोळे मिटून उचल घेतली, आणि दोनच ओळींत माझ्या पोटात गोळा आला. ती रेडिओवरचीच चाल होती.

बुवांचे काही चुकले नव्हते. पन्नास वर्षे ती चाल रेडिओवर, मग कॅसेटवर, मग जत्रेतल्या कर्ण्यावर वाजत आली आहे. मंडळातल्या तरुणांनी ती ऐकतच ती शिकली आहे आणि त्यांच्या दृष्टीने ती परंपराच आहे. एखादी चाल लोकांच्या तोंडी इतकी बसली की तिला कर्ता आहे हे विसरले जाते, आणि कोणत्याही संगीतकाराला याहून मोठा मान मिळत नसेल. पण कायद्याच्या लेखी ती त्यांचीच रचना राहते. म्हणून ‘पारंपरिक’ हा शब्द कागदावर लिहिण्याआधी विचारावे लागते की ही चाल कुणाकडून शिकलात, आणि त्यांनी कुणाकडून, आणि ती ध्वनिमुद्रणाच्या आधीपासून होती का. माझ्या मित्राने बुवांना हेच विचारले. बुवा बराच वेळ टाळाची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले की त्यांचे गुरू काकड्याला हा अभंग वेगळ्या चालीत लावत, ठाय लयीत, पण आता ती कुणी मागत नाही. त्यांनी ती गाऊन दाखवली. तिच्यात रेडिओवरच्या चालीची गोडी नव्हती. ती सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखी होती, आणि शेवटच्या चरणाला एकदम वर जाऊन तिथेच थांबत होती, खाली न येता. मंडळातल्या दोन म्हाताऱ्यांना ती आठवत होती. बाकीच्यांनी ती त्या रात्री शिकून घेतली. बारा वाजून गेले तेव्हा आमच्याकडे तीन मिनिटांचा एक सलग गाऊन घेतलेला भाग होता.

कागद त्याच रात्री केले, हे मी अगदी ठरवून केले. पहिल्या लघुपटाच्या वेळी एका मित्राने ‘वापर गं, त्यात काय’ असे फोनवर सांगितले होते आणि त्यावर मी निर्धास्त राहिले होते. हक्काची परवानगी लेखीच लागते, आणि लेखी असली तरी त्यात काय राहून गेले यावर सगळे ठरते. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर तो फक्त भारत धरतो. संगीतकार मित्राने सद्भावनेने दिलेल्या एका पानाच्या पत्रात या दोन्ही गोष्टी नव्हत्या, म्हणजे परदेशी महोत्सवाच्या अर्जासाठी ते पत्र जवळजवळ निरुपयोगी होते. आम्ही ते पुन्हा लिहिले: चित्रपटासोबत सर्व माध्यमांत, जगभर, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, आणि चित्रपटाबाहेर या संगीताचे जे काही होईल ते त्याचे राहील. पार्श्वसंगीताचे त्याला चाळीस हजार दिले. शिवाय चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून रचनाकाराला मिळणारा मानधनाचा वाटा कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर करारानेही काढून घेता येत नाही, आणि तो काढून घ्यावा असे मला वाटलेही नाही. भजनी मंडळातल्या चौदाही जणांच्या सह्या घेतल्या, कारण गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क असतो आणि चित्रपटात ते घेण्याची संमती लेखी असावी लागते. बुवांनी चष्मा पुसून सगळा मजकूर वाचला. “आमचा आवाज आमचाच राहतो ना?” त्यांनी विचारले. मी हो म्हटले, आणि व्यापारी उत्पन्न झाले तर त्यात मंडळाचा वाटा राहील ती ओळ बोट ठेवून दाखवली. पैसे कुणी स्वतःसाठी घेतले नाहीत. मंडळाच्या नावाने अकरा हजार दिले. त्यातून पखवाजाची पुडी बदलली असे पुढे कळले.

इंग्रजी उपशीर्षकांनी शेवटच्या क्षणी घोळ घातला. अभंगाचा अनुवाद मी एका पुस्तकातून उचलला होता, आणि तुकोबा मोकळे असले तरी त्यांचा अनुवादक मोकळा नसतो. तो काढला. चार ओळींसाठी एक आख्खा दिवस घालवून मी स्वतः अनुवाद केला. तो पहिल्याइतका चांगला नाही.

यानंतर क्यू शीट भरायला घेतली. चित्रपटातल्या संगीताच्या प्रत्येक तुकड्याची ही नोंदवही असते: कुठे सुरू होतो, किती सेकंद, रचना कुणाची, गायन कुणाचे, हक्क कुणाकडे, पार्श्वभूमीला की दृश्यात. ती भरताना सगळे चित्र घड्याळ लावून पुन्हा ऐकावे लागते, आणि तेव्हाच अकराव्या मिनिटाला एक जागा सापडली जी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. नाना गोणी शिवत आहेत, रेडिओ बंद आहे, आणि ते गुणगुणत आहेत. अकरा सेकंद. शब्द तुकोबांचे, आवाज नानांचा, त्यांची संमती आमच्याकडे. चाल मात्र रेडिओवरची.

संगीतकार मित्र म्हणाला, तिथे यंत्राचा आवाज वाढव, कळणार नाही. वकील मैत्रीण म्हणाली, अकरा सेकंदांचे गुणगुणणे क्षुल्लक ठरू शकेल, पण ते न्यायालयात ठरते, महोत्सवाच्या अर्जावर नाही. मी दोन रात्री तो तुकडा काढून आणि ठेवून पाहिला. एक मिनिट चाळीस सेकंदांचे गाणे मी सोडले होते आणि ते सोडल्याचे दुःख आता नव्हते, कारण ते गाणे मी वर चढवलेले होते. पण या अकरा सेकंदांना मी हात लावला नव्हता. ते त्यांच्या तोंडून आले होते. मी कंपनीला पुन्हा लिहिले, या वेळी फक्त चालीसाठी, ध्वनिमुद्रणाशिवाय, दृश्यातल्या माणसाचे गुणगुणणे म्हणून. पंधरा हजार आणि कर, फक्त महोत्सव, जगभर, दोन वर्षे. मी ते भरले, आणि मग अर्जातल्या त्या चौकटीत खूण केली.

महोत्सवाने माहितीपट घेतला. परदेशातल्या त्या अंधाऱ्या सभागृहात काकड्याची चाल शेवटच्या चरणाला वर जाऊन थांबली, तेव्हा मागून कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज मी ऐकला. गावातल्या मंडपात मात्र नानांनी ओळखले की हे त्यांच्या सकाळचे गाणे नाही. दोन्ही खरे आहे आणि या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. आमच्याकडे आलेली चाल त्या गावाची अधिक जुनी चाल आहे, असे मी स्वतःला सांगते. पण नाना तिला ओळखत नाहीत, आणि माहितीपट नानांचा आहे.

गेल्या महिन्यात मी पुन्हा गिरणीत गेले, त्यांना हे सगळे शांतपणे सांगायचे ठरवून. तुकोबांना परवानगी लागत नाही, पण ज्यांनी चाल बांधली त्यांच्या मुलाबाळांचा तिच्यावर हक्क आहे, ज्यांनी ती मुद्रित केली त्यांचा आहे, असे मी सांगितले. नानांनी ऐकून घेतले. “मग बरोबर हाय,” ते म्हणाले. “दळणाचं पैसं आम्ही घेतोच की, जोंधळा कुणाचा का असंना.” मग त्यांनी विचारले की त्यांच्या गुणगुणण्याचे खरेच पंधरा हजार भरले का. मी हो म्हटले. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटले की नाही हे मला कळले नाही. गिऱ्हाईक आले, त्यांनी डबा तोलला, मोटरचा खटका दाबला. रेडिओवर कुणीतरी गात होते, ते चक्कीच्या आवाजाखाली ऐकू येईनासे झाले. त्या घुमाऱ्यात मला आता पंचम ऐकू येतो, थोडा चढा.

अकरा सेकंदांची मुदत पुढच्या मार्चअखेर संपते आहे. दरम्यान एका वाहिनीने माहितीपटाबद्दल विचारले आहे आणि कंपनीला नवे पत्र लिहावे लागेल. मसुदा तयार आहे, फक्त रकमेच्या जागी अजून काही लिहिलेले नाही.